विणलेल्या कागदावरचे घुबड : तिसरीच्या कला तासासाठी पाने, पाकळ्या आणि बियांचे चिकटकाम

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक घरांत आपट्याच्या पानांचा एक छोटा ढीग देवापुढे पडलेला असतो आणि दारावरचे झेंडूचे तोरण मान टाकू लागलेले असते. हे दोन्ही एरवी निर्माल्यात जाते. आमच्या शाळेत आम्ही तिसरीच्या मुलांना ते त्याच दिवशी वर्गात आणायला सांगतो, कारण दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेपर्यंत पाने आणि पाकळ्या चांगल्या वाळतात आणि सुट्टीनंतरच्या तीन कला तासांचे सामान आयते तयार होते. पहिल्या तासाला कागदाची चटई विणायची, दुसऱ्या तासाला ती पुठ्ठ्यावर पक्की करून चित्राची मांडणी ठरवायची आणि तिसऱ्या तासाला चिकटवायचे, असा आमचा क्रम आहे. हे सारे एकाच तासात उरकण्याचा प्रयत्न मी सुरुवातीला केला होता. चटईच्या पट्ट्या हलत असताना त्यांच्यावर वाळलेले पान चिकटवले, तर पट्टी सरकताच पान चिरते, आणि विणून थकलेल्या मुलाला ते पुन्हा लावण्याचा उत्साह उरत नाही. त्यामुळे तीन तास ही चैन नसून कामाची गरज आहे.

पाने वाळवणे

सर्वप्रथम पाने ओळखून वेगळी करावीत. बाजारात आपटा म्हणून जी पाने विकली जातात, त्यांत पुष्कळदा कांचनाची पाने असतात. दोन्हींचा आकार टोकाशी दुभंगलेला असल्याने गल्लत होते, परंतु आपट्याचे पान लहान, जाड आणि चिवट असते, तर कांचनाचे पान बरेच मोठे आणि पातळ असते. धार्मिक दृष्टीने ही फसवणूक असेल, पण चित्रासाठी ती सोयीचीच ठरते, कारण एकाच आकाराचे लहान आणि मोठे असे दोन नमुने हाती येतात. या लेखातल्या घुबडाचे डोके आपट्याच्या पानाचे आणि धड कांचनाच्या पानाचे आहे.

जुन्या वर्तमानपत्राच्या चार-पाच पानांची एक घडी करावी, तिच्यावर पाने एकमेकांना न लागतील अशी उपडी पसरावीत, वर तेवढ्याच जाडीची दुसरी घडी ठेवावी आणि असे थर रचून त्यांच्यावर एक फळी व फळीवर दोन-तीन विटा ठेवाव्यात. येथे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते कागद बदलण्याकडे. पानातले पाणी पहिल्या दोन दिवसांत वर्तमानपत्रात उतरते आणि तो ओलसर कागद तसाच राहिला, तर पानावर काळे डाग पडतात किंवा पांढरी बुरशी धरते. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी सर्व घड्या बदलाव्यात. पुढे आठ-दहा दिवस हात लावण्याची गरज नसते. काढलेले कागद उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात.

पान वाळले की नाही, हे गालावर टेकवून कळते. आत ओल असेल तर पान गालाला गार लागते आणि पूर्ण वाळलेले पान कागदासारखे कोमट लागते. मुलांना ही परीक्षा फार आवडते, आणि ती भरवशाचीही आहे. अर्धवट वाळलेले पान चिकटवले, तर ते पुठ्ठ्यावर बसल्यानंतर आकसते आणि त्याच्या कडा आठवडाभरात वर उचलल्या जातात. याउलट सुट्टी लांबल्यामुळे पाने फारच कडक झाली असतील आणि बोट लावताच तुटत असतील, तर ती एका डब्यात घालून, डब्यात घट्ट पिळलेला ओला रुमाल पानांना न टेकेल असा ठेवून रात्रभर झाकण लावावे. सकाळी पाने थोडी नरम होतात आणि हाताळता येतात. मात्र त्याच दिवशी ती वापरावी लागतात.

पाकळ्यांच्या बाबतीत सगळी फुले सारखी वागत नाहीत. झेंडूच्या पाकळ्या वाळल्यावर थोड्या आक्रसतात, पण त्यांचा पिवळा आणि केशरी रंग टिकून राहतो. तोरण दाराला लटकत आठवडाभर सुकल्यावर त्या तपकिरी पडतात, म्हणून त्या दुसऱ्याच दिवशी सोडवून घ्याव्यात. बोगनवेलीचा रंगीत भाग खरे पाहता पाकळी नसून पानाचाच प्रकार आहे, आणि तो मुळातच कागदासारखा पातळ असल्याने तीन-चार दिवसांत उत्तम वाळतो. जास्वंद मात्र टाळावी. तिच्यात चिकट रस असल्याने ती वर्तमानपत्राला डकते आणि तिचा लाल रंग काळपट जांभळा होतो. गुलाबाच्या गडद पाकळ्याही जवळपास काळ्या पडतात. चित्रात काळा रंग हवा असेल तर त्या मुद्दाम ठेवाव्यात.

बिया आणि सावधगिरी

या घुबडासाठी फार थोड्या बिया लागतात. भोपळ्याच्या पांढऱ्या चपट्या बिया, कलिंगडाच्या काळ्या बिया आणि थोडे अख्खे मसूर एवढे पुरे. फळांच्या बिया धुऊन, त्यांच्यावरचा गर राखेने किंवा जाड फडक्याने चोळून काढून, दोन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. गर राहिला तर मुंग्या येतात. मसूर मात्र घरी तव्यावर दोन-तीन मिनिटे कोरडा परतून आणावा, म्हणजे त्यात किडीची अंडी असतील तर ती मरतात. काही पालकांना धान्य चित्राला चिकटवणे रुचत नाही आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. अशा वेळी किडका किंवा फुटका, टाकून देण्याजोगा मसूर मागवावा, अथवा त्याच्या जागी सीताफळाच्या बियांचा विचार करावा. सीताफळाच्या बिया फोडू देऊ नयेत, कारण त्यांच्या आतल्या गराची पूड डोळ्यांत गेल्यास डोळ्यांची फार आग होते.

मुलांना परिसरातून बिया गोळा करायला सांगण्यापूर्वी काय आणायचे नाही, हे नावानिशी आणि शक्य तर झाड दाखवून सांगावे. गुंज दिसायला इतकी सुंदर असते की मुले ती हमखास आणतात, परंतु तिचे कवच फुटल्यावर आतला भाग अत्यंत विषारी असतो. एरंडाच्या बिया, धोतऱ्याच्या बिया आणि कण्हेरीचा कोणताही भाग हेही विषारीच आहेत. खाजकुइलीच्या शेंगेच्या केसांनी अंगाला खाज सुटते आणि गाजरगवतामुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. पहिली-दुसरीच्या वर्गात हे काम करायचे असेल, तर बिया अजिबात न देता फक्त पाने आणि पाकळ्या द्याव्यात, कारण मसुराएवढी बी नाकात किंवा कानात घालण्याचे प्रकार त्या वयात खरोखर घडतात. तिसरीतही मी बिया मोजून, बाटलीच्या झाकणात घालून देते आणि तासाच्या शेवटी झाकणे परत घेते.

पहिला तास : चटई

कागदी विणकाम शाळेत नवीन नाही. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे जे काम सुरू केले, त्यातून पुढे बालवाडीची कल्पना जगभर गेली आणि मुलांना द्यायच्या हातकामांत कागदाच्या पट्ट्या विणणे हेही होते. आपल्या मुलांना मात्र विणीची ओळख फ्रोबेलपेक्षा घरातल्या सुपाने आणि टोपलीने आधीच झालेली असते. म्हणून तासाची सुरुवात मी बुरुडाकडची एक टोपली वर्गात फिरवून करते आणि कोणती कामटी वर आहे, कोणती खाली आहे, हे बोटाने दाखवायला सांगते. उभ्या पट्ट्यांना ताणा आणि आडव्या पट्ट्यांना बाणा म्हणतात, हे शब्द येथेच सांगून टाकावेत, म्हणजे पुढच्या सूचना सोप्या होतात.

रंगांची निवड हा या कामातला निर्णायक भाग आहे, आणि बहुतेक वर्गांत येथेच चूक होते. लाल आणि हिरव्या घोटीव कागदाची चटई नुसती पाहायला झकास दिसते, पण तिच्यावर वाळलेले तपकिरी पान ठेवले की ते दिसेनासे होते, कारण डोळा चौकोनांच्याच खेळात अडकतो. चित्राखाली येणाऱ्या चटईत दोनच रंग असावेत आणि ते एकमेकांच्या जवळचे असावेत. आम्ही ताण्यासाठी बदामी रंगाची कार्डशीट आणि बाण्यासाठी फिकट पिवळा कागद वापरतो. जुन्या लग्नपत्रिकांचा कोरा भागही ताण्याला उत्तम चालतो, कारण तो जाड असतो आणि फुकट मिळतो.

आता मापे पाहू. ताण्याचा कागद 18 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर उंच घ्यावा व उंचीच्या मध्यावर दुमडावा, म्हणजे तो 18 बाय 10 सेंटिमीटरचा होतो. दुमड खाली आणि मोकळ्या कडा वर अशी ठेवून, मोकळ्या कडांपासून 2 सेंटिमीटर अंतरावर एक आडवी रेघ ओढावी. या रेघेच्या पलीकडे कात्री जाता कामा नये. नंतर दुमडीवर दर 2 सेंटिमीटरला एक खूण करून, त्या खुणांपासून आडव्या रेघेपर्यंत सरळ आठ रेघा ओढाव्यात. दुमडीच्या बाजूने कात्री घालून या आठ रेघा कापल्या आणि कागद उलगडला, की वर-खाली पट्टा शाबूत असलेले आणि मध्ये नऊ उभ्या पट्ट्या असलेले जाळे तयार होते.

दर वर्षी दोन-तीन मुले दुमडीऐवजी मोकळ्या कडेकडून कापतात आणि कागद उलगडल्यावर त्यांच्या हाती जाळ्याऐवजी दोन टोकांना लोंबणारी झालर येते. यावर उपाय म्हणून कापण्यापूर्वी सर्वांना दुमडीवर लाल पेन्सिलीचा ठळक ठिपका काढायला लावावा आणि ‘कात्री लाल ठिपक्याकडून’ एवढीच सूचना द्यावी.

बाण्याच्या पट्ट्या 2 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर लांब कापाव्यात. पट्ट्या कापण्याआधी कागद हलकेच एकदा उभा आणि एकदा आडवा वाकवून पाहावा. एका दिशेने तो सहज वाकतो आणि दुसऱ्या दिशेने विरोध करतो. जिकडे विरोध होतो, ती लांबी पट्टीच्या लांबीला यावी, म्हणजे पट्टी ताण्यातून ओवताना मध्येच वाकत नाही. ही पारख शिक्षकाने करून कागद त्या दिशेने आखून द्यावा.

विणताना पहिली पट्टी ताण्याच्या पहिल्या पट्टीवरून, दुसऱ्या पट्टीखालून, तिसरीवरून अशी ओवावी आणि वरच्या पट्ट्याला टेकेपर्यंत बोटांनी ढकलावी. दुसरी पट्टी नेमकी उलट, म्हणजे खालून सुरू करावी. ताण्याच्या पट्ट्या नऊ, म्हणजे विषम ठेवण्याचे कारण येथे उपयोगी पडते. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीत पिवळे चौकोन पाच दिसतात आणि दोन्ही टोकांना पिवळाच येतो, तर दुसऱ्या, चौथ्या ओळीत ते चार दिसतात आणि टोकांना बदामी येतो. मुलाला ‘वर, खाली’ म्हणत डोके खाजवायला लावण्यापेक्षा ‘पाच, चार, पाच, चार मोज’ असे सांगितले, की ते स्वतःच चूक पकडते. कुठे एका चौकोनाऐवजी दोन चौकोनांएवढी लांब वीट दिसली, तर त्या ठिकाणी पट्टी चुकली आहे आणि ती ओळ चूक झालेल्या जागेपर्यंत मागे ओढून पुन्हा ओवावी लागते. चूक तशीच ठेवून पुढची ओळ घातली, तर खालची सगळी वीण ढिली पडते.

ताण्याची मोकळी लांबी 16 सेंटिमीटर असल्याने हिशेबाने 2 सेंटिमीटरच्या आठ पट्ट्या बसायला हव्यात, पण मुलांच्या हातून पट्ट्या तंतोतंत भिडत नाहीत आणि सात ओळींनंतर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची फट उरते. आठवी पट्टी तेथे कोंबू नये, कारण त्यामुळे चटई मधोमध फुगते. ती फटीच्या मापाची अरुंद कापून ओवावी.

आता या चित्रातली खरी गंमत. सहावी पट्टी आम्ही पिवळी न घालता गडद तपकिरी घालतो आणि ती नेहमीप्रमाणे न विणता ताण्याच्या चार पट्ट्यांवरून, पाचवीखालून आणि पुन्हा चार पट्ट्यांवरून नेतो. ही पट्टी म्हणजे घुबड बसायची फांदी आहे. नेहमीच्या विणीत ती चार तुकड्यांत तुटून फांदीऐवजी ठिपक्यांची रांग दिसली असती. लांब उड्यांमुळे ती सलग वाटते. जी मुले चटईत असा बदल करायला शिकतात, ती पुढच्या वेळी स्वतःहून खालच्या दोन ओळी निळ्या घालून पाणी किंवा मधली ओळ करडी घालून रस्ता करतात, आणि मग चटई ही चित्राखालचा नुसता कागद राहत नाही.

दुसरा तास : पक्के करणे आणि मांडणी

ज्या ओळींची टोके वर आहेत, त्यांच्या बाहेर उरलेल्या सेंटिमीटरभर पट्ट्या मागे दुमडून चिकटवाव्यात, आणि ज्यांची टोके खाली आहेत, त्या मागच्या बाजूलाच ताण्याला चिकटवून कात्रीने कडेबरोबर कापाव्यात. मग चटई जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर, त्याला खळ पातळ आणि सर्वत्र लावून, मध्यापासून कडेकडे दाबत बसवावी. खळ घरीच होते. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, त्यात एक कप पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे आणि मिश्रण पारदर्शक व चमकदार झाले की उतरवावे. जुने बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत असत. तो विषारी असल्याने मुलांच्या कामात मुळीच घालू नये. खळ त्याच दिवशी संपवावी. चिकटवलेल्या चटया एकावर एक रचून वर फळी आणि विटा ठेवाव्यात आणि दोन चटयांच्या मध्ये धुऊन, कापून सपाट केलेली दुधाची पिशवी घालावी, म्हणजे त्या एकमेकींना डकत नाहीत.

खळ वाळेपर्यंत उरलेल्या वेळात मुलांनी पाने कोऱ्या कागदावर मांडून पाहावीत. गेल्या वर्षी आपट्याचे पान हाती पडताच वर्गातल्या जवळजवळ सर्वांनी फुलपाखरू केले, कारण दोन पंख आयते मिळतात. एका मुलीने मात्र तेच पान दुभंगलेले टोक वर करून ठेवले आणि ‘बाई, याला कान आहेत’ असे म्हणाली. त्याच पानाचे घुबड झाले. तिच्या मांडणीत कांचनाचे मोठे पान फांदीच्या तपकिरी ओळीवर देठ खाली करून उभे होते आणि आपट्याचे लहान पान त्याच्या वरच्या भागावर सुमारे एक सेंटिमीटर चढवलेले होते, म्हणजे कांचनाचे दुभंगलेले टोक डोक्याखाली झाकले गेले. डोळ्यांसाठी तिने आधी भोपळ्याच्या बिया आडव्या ठेवल्या, पण त्यामुळे घुबड झोपलेले दिसू लागले. म्हणून तिने झेंडूच्या पाकळ्या चक्राकार लावून दोन गोल केले आणि प्रत्येकाच्या मध्ये एक मसूर ठेवला. चोच कलिंगडाच्या एका बीची, टोक खाली केलेली. भोपळ्याच्या बिया वाया गेल्या नाहीत. फांदीवर तीन-तीन बियांची दोन पावले झाली. मांडणी ठरली की पानांच्या कडेने पेन्सिलीने पुसट खुणा करून ठेवाव्यात, कारण पुढच्या तासापर्यंत मुलाला फार तर घुबड आठवते, जागा आठवत नाही.

तिसरा तास : चिकटवणे

पानांचा मधला देठ मागच्या बाजूला जाड असतो आणि त्यामुळे पान चटईला नीट टेकत नाही. कांचनाच्या पानांचा देठ शिक्षकाने ब्लेडने मागून हलकेच तासून द्यावा. ब्लेड मुलांच्या हाती देऊ नये. पानांसाठी खळीपेक्षा पांढरा गोंद बरा, आणि तो पाणी न घालता फार थोडा वापरावा. गोंदात पाणी घातले, तर पान ते शोषून घेते, पुन्हा नरम होते आणि वाळताना वळते. गोंद पानाच्या पोटाकडच्या, म्हणजे मागच्या बाजूला लावावा, कारण वरची बाजू तुकतुकीत असल्याने तेथे तो धरत नाही. काडीला कापूस गुंडाळून तिने आधी मधल्या शिरेवर आणि मग कडांना पातळ थर द्यावा. कडा विसरल्या, तर दुसऱ्या दिवशी त्याच उचललेल्या दिसतात.

क्रम खालून वर असा असावा. आधी धड, मग डोके, नंतर पाकळ्यांचे डोळे आणि सर्वांत शेवटी बिया. पान बसवल्यावर त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून तळहाताने मध्यापासून बाहेर दाबावे. थेट बोटाने दाबले, तर बोटाच्या टोकाखाली पान फुटते. चटईच्या वर-खाली वळणांमुळे पानाखाली काही ठिकाणी पोकळी राहते आणि ती तशीच राहू द्यावी. ती भरण्यासाठी गोंद ओतला, की डाग बाहेर येतात. पाकळ्या चिमट्याने किंवा किंचित ओल्या काडीच्या टोकाने उचलून ठेवाव्यात. बियांसाठी गोंदाचा एक जाड थेंब टाकून त्यात बी बसवावी आणि ती वाळेपर्यंत चित्र उभे करू नये. बिया लागल्यानंतर चित्रावर विटा ठेवायच्या नाहीत, कारण दाबाने बी खालचे पान फोडते. म्हणून पाने लावून झाल्यावर दुधाच्या पिशवीखाली आणि एका पुस्तकाखाली चित्र दहा मिनिटे ठेवावे, तेवढ्यात मुलांनी डोळ्यांच्या पाकळ्या निवडून घ्याव्यात आणि मग बियांचे काम करावे.

चित्रे भिंतीवर लावताना समोरून ऊन येणारी जागा टाळावी. बोगनवेलीचा गुलाबी रंग उन्हात फिकट होतो. उरलेला हिरवा रंगही काही महिन्यांत वाळक्या गवतासारखा होतो, आणि तो सावलीत ठेवूनही फारसा थांबत नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर एप्रिलमध्ये एखादे मूल हिरमुसते. महिन्यातून एकदा चित्रांच्या खालच्या कडेकडे पाहावे. मसुराला सुईच्या टोकाएवढे गोल भोक आणि खाली पिठासारखी पूड दिसली, तर त्यात किडा झाला आहे. ते चित्र इतरांपासून दूर करावे, किडका मसूर खरवडून काढावा आणि चित्र तासभर कडक उन्हात ठेवून त्या जागी परतलेला नवा मसूर बसवावा.